लॉक स्क्रीनवरचा स्कोअर शेवटच्या षटकांत का थांबतो

वनडे मॅच शेवटाला येते, आठ षटकांत साठ-पासष्ट धावा हव्या असतात, आणि आयफोनच्या लॉक स्क्रीनवरचं स्कोअरचं कार्ड नेमकं तिथेच थांबतं. कार्ड जात नाही, काही चुकलंय असा निरोपही येत नाही. आकडे तेवढे जुने राहतात. शेजारचा ओरडतो तेव्हा कळतं की विकेट पडून दोन षटकं झाली. बेळगावात आमच्या दुकानात ही तक्रार प्रत्येक मोठ्या मालिकेत येते, आणि बहुतेक लोक एव्हाना फोन बंद-चालू करून, ॲप काढून परत टाकून दमलेले असतात. दोन्हीची गरज क्वचितच असते. कार्ड कशामुळे थांबलं हे आधी ओळखलं तर इलाज अर्ध्या मिनिटाचा आहे.

आयफोनमध्ये या कार्डांना Live Activities म्हणतात. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये आयओएस १६.१ बरोबर ती आली. लोकांचा समज असा की ॲप मागे चालू आहे आणि तेच स्कोअर आणून दाखवतंय. तसं नाही. कार्डाला स्वतःहून इंटरनेटवर जाता येत नाही, लोकेशनही घेता येत नाही. ॲपवाल्यांचा सर्व्हर नवा आकडा ॲपलच्या पुश सेवेकडे देतो, ती सेवा तो फोनपर्यंत आणते, आणि फोन कार्डावरचा मजकूर बदलतो. कार्ड म्हणजे फळ्यावर लिहिलेला स्कोअर. लिहिणारा उठून गेला तरी आकडे फळ्यावर राहतात. म्हणून कार्ड दिसतंय याचा अर्थ ते चालू आहे असा धरायचा नाही.

आधी घड्याळ बघा

एका कार्डाला जास्तीत जास्त आठ तास मिळतात. आठ तास झाले की आयओएस ते स्वतः संपवतं. ॲपवाल्यांना ही मुदत वाढवता येत नाही, आपल्यालाही नाही. खरी गोची पुढे आहे: संपलेलं कार्ड लॉक स्क्रीनवरून लगेच जात नाही. हाताने काढलं नाही तर ते आणखी चार तासांपर्यंत तिथेच राहू शकतं, शेवटचा आकडा दाखवत. म्हणजे आठव्या तासापासून बाराव्या तासापर्यंत तुमच्यासमोर एक मेलेलं कार्ड असतं आणि ते जिवंतासारखं दिसतं.

आता भारतातली दिवस-रात्र वनडे घ्या. मॅच दुपारी दीडला, टॉस एकला. एक डाव साडेतीन तासांचा धरतात, मध्ये पाऊण तासाची सुट्टी, म्हणजे कागदावरच मॅच सव्वानऊपर्यंत जाते. गोलंदाजी रेंगाळली, दव पडलं, पंचांनी दोनदा चेंडू बदलला की साडेनऊ-पावणेदहा होतात. ज्याने टॉसच्या वेळी ॲपमध्ये मॅच फॉलो केली, त्याच्या कार्डाची मुदत रात्री नऊला संपते. शेवटची पाच-सात षटकं बाहेर राहतात. ज्याने पहिल्या चेंडूला फॉलो केली त्याचं कार्ड साडेनऊपर्यंत चालतं, म्हणून शेजारी बसलेल्या दोघांपैकी एकाचा स्कोअर थांबतो आणि दुसऱ्याचा धावत राहतो. मग दोघांत फोनच्या मॉडेलवरून वाद होतो. मॉडेलचा इथे काही संबंध नसतो.

ट्वेंटी-ट्वेंटीला हा प्रश्न येत नाही, ती साडेतीन-चार तासांत आटपते. कसोटीलाही सहसा येत नाही, कारण सकाळी नऊला टॉसपासून कार्ड लावलं तर ते संध्याकाळी पाचला संपतं, आणि षटकं भरून काढायला खेळ अर्धा तास वाढवला तरी तो साधारण पाचपर्यंतच जातो.

इलाज सोपा आहे. डाव बदलताना, साधारण सव्वापाच-साडेपाचच्या सुमाराला, ॲप उघडून मॅच अनफॉलो करा आणि लगेच पुन्हा फॉलो करा. जुनं कार्ड जातं, नवं येतं, आणि त्याला स्वतःचे पूर्ण आठ तास असतात. रात्री नऊनंतर लक्षात आलं तरी हेच करायचं. आधी लॉक स्क्रीनवरचं जुनं कार्ड डावीकडे सरकवून Clear दाबा, नाहीतर एकाच मॅचची दोन कार्डं दिसतात आणि नजर जुन्यावरच जाते.

मुदत संपली आहे की नाही, हे ओळखायची एक खूण डायनॅमिक आयलंड असलेल्या फोनवर मिळते. आयओएसने कार्ड संपवलं की आयलंडमधून ते तत्काळ जातं, लॉक स्क्रीनवर मात्र राहतं. तेव्हा फोन उघडून होम स्क्रीनवर या. वरच्या काळ्या पट्टीत स्कोअर नाही आणि लॉक स्क्रीनवर आहे, तर कार्ड संपलेलं आहे. फक्त एवढं बघा की गाणी आणि टायमर दोन्ही चालू नाहीत, कारण आयलंडमध्ये एका वेळी दोघांनाच जागा असते. आयलंड नसलेल्या फोनवर फॉलो केल्याची वेळ आठवावी लागते.

आयलंडमध्ये स्कोअर आहे, तरी हलत नाही

मग कार्ड जिवंत आहे आणि निरोप येणं थांबलं आहे. आमच्या सीमाभागात याचं एक खास कारण आहे, आणि त्यावर इतरत्र कोणी फारसं बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

माझा भाचा बेळगावहून संध्याकाळच्या बसने कोल्हापूरला निघाला होता. मॅच त्याने डावाच्या सुट्टीत फॉलो केली होती, म्हणजे मुदतीचा प्रश्न नव्हता. हत्तरगी, संकेश्वर, निपाणी, सगळीकडे स्कोअर व्यवस्थित बदलत होता. कोगनोळीचा टोलनाका ओलांडून बस कागलच्या बाजूला आली आणि कार्ड १८४ वर ४ ला थांबलं. त्याने फोन लावला.

"मामा, रेंज फुल्ल आहे खरं स्कोअर हलंना झालाय."

"कांड्यांच्या बाजूला फोरजी-फायूजी काही लिहिलंय काय?"

"नाही की. नुसत्या कांड्या दिसायलेत."

निदान इथेच झालं. बोलणं व्यवस्थित होत होतं, कारण आवाजाला नेटवर्क होतं. डेटा नव्हता. त्याचं सिम कर्नाटक सर्कलचं, आणि कोगनोळीनंतर टॉवर महाराष्ट्र-गोवा सर्कलचा. काही कंपन्यांच्या सिमवर अशा वेळी फोन स्वतःला रोमिंगमध्ये धरतो, आणि आयफोनमध्ये Data Roaming बंद असेल तर डेटा तिथेच तुटतो. कॉल चालू राहतात म्हणून माणसाला संशय येत नाही.

त्याला सांगितलं, Settings उघड, Mobile Service मध्ये जा, दोन सिम असतील तर डेटाचं सिम निवड, Mobile Data Options मध्ये Data Roaming चालू कर. काही फोनवर Mobile Service ऐवजी Mobile Data असं नाव दिसतं, आत गोष्ट तीच. चालू केल्यावर वर इंटरनेटची खूण आली आणि पुढच्या अपडेटला कार्ड १८४ वरून एकदम २०१ वर गेलं. मधली षटकं एकेक करून आली नाहीत आणि तशी येणारही नव्हती. सर्व्हर प्रत्येक वेळी पूर्ण स्थिती पाठवतो, धावा, विकेट, षटकं सगळं, त्यामुळे निरोप चुकले तरी पुढचा एक मिळाला की कार्ड बरोबर होतं. डेटा परत आल्यावर षटक-दीड षटक वाट बघायची. तेवढ्यानेही आकडा बदलला नाही तरच पुढचा विचार.

हाच अनुभव बेळगाव-चंदगड रस्त्यावर शिनोळीच्या आसपास येतो आणि चोर्ला घाटाने गोव्याकडे उतरताना येतो. घाटात तर टॉवरच नसतो, तो भाग सोडून द्या. पण घाट उतरल्यावरही स्कोअर मुका राहिला तर रोमिंग तपासा. शिनोळीच्या अलीकडे-पलीकडे रोज ये-जा करणाऱ्यांनी हे बटण कायम चालू ठेवलेलं बरं. सध्याच्या बहुतेक प्लॅनमध्ये देशातल्या रोमिंगचे वेगळे पैसे लागत नाहीत. परदेशी जाताना मात्र आठवणीने बंद करा, तिथे याच बटणाने मोठं बिल येतं.

आपल्याकडे पुष्कळांच्या फोनमध्ये एक कर्नाटकचं आणि एक महाराष्ट्राचं अशी दोन सिमं असतात. तिथे डेटा कुठल्या सिमवर आहे ते आधी बघा. कांड्या दोन्हीच्या दिसतात, डेटा एकाचाच चालतो, आणि माणूस भरलेल्या कांड्या बघून समाधान मानतो.

डेटा आहे की नाही याची पक्की परीक्षा एकच: फोन लॉक करा आणि घरातल्या कोणालातरी व्हॉट्सॲपवर एक शब्द पाठवायला सांगा. आयफोनवर व्हॉट्सॲपचा निरोपही ॲपलच्या त्याच पुश सेवेतून येतो. लॉक स्क्रीनवर तो लगेच दिसला, तर फोनपर्यंतची वाट मोकळी आहे आणि दोष मुदतीचा किंवा ॲपवाल्यांचा आहे. फोन उघडून व्हॉट्सॲपमध्ये गेल्यावरच तो दिसला, तर वाट बंद आहे. परीक्षेआधी Focus चालू नाही ना हे बघून घ्या, नाहीतर निरोप येऊनही दिसणार नाही आणि निष्कर्ष चुकेल.

वाट बंद होण्याचं दुसरं कारण वायफाय. कॉलेजच्या, हॉस्टेलच्या किंवा ऑफिसच्या वायफायवर काही दरवाजे मुद्दाम बंद ठेवलेले असतात. आयफोन पुश सेवेशी ५२२३ क्रमांकाच्या पोर्टवरून बोलतो, ते जमलं नाही तर ४४३ वरून प्रयत्न करतो. दोन्हीकडे अडवणूक झाली की ब्राउझर उघडतो, व्हिडिओ चालतो, पण लॉक स्क्रीनवर काही येत नाही. हॉस्टेलमधल्या मुलांनी वायफाय बंद करून मोबाइल डेटावर तीच व्हॉट्सॲपची परीक्षा करावी. तिथे पास आणि वायफायवर नापास, तर फोन दुरुस्तीला आणायची गरज नाही. वायफाय सांभाळणाऱ्या माणसाला पोर्टचा क्रमांक सांगा, तो समजेल.

डिलिव्हरीचं कार्ड जास्त फसवतं

स्कोअर थांबला तर निदान डोळ्यांना दिसतं. डिलिव्हरीच्या कार्डावर मिनिटं उलटी मोजत असतात आणि ती मोजणी फोन स्वतः करतो. सर्व्हरने एकदाच सांगितलं की रायडर अमुक वाजता पोचेल, की त्यापुढचं घड्याळ फोनवरच चालतं, दर सेकंदाला निरोप लागत नाही. सोय चांगली आहे, बॅटरी वाचते. पण डेटा तुटला तरी मिनिटं कमी होत राहतात, म्हणून आपल्याला वाटतं सगळं ताजं आहे. रायडर फाटकाला अडकलेला असतो आणि कार्ड सांगतं दोन मिनिटं. मग घड्याळ शून्यावर येतं आणि तिथेच बसतं.

म्हणून डिलिव्हरीच्या कार्डावर मिनिटांकडे बघू नका, टप्प्याकडे बघा. ऑर्डर घेतली, तयार होतेय, रायडर निघाला, जवळ आला, हे शब्द बदलायला सर्व्हरचा निरोप लागतो. मिनिटं पळताहेत आणि टप्पा बराच वेळ तोच, तर कार्डावर विश्वास न ठेवता त्यावर टॅप करून ॲप उघडा. ॲप उघडल्यावर ते थेट सर्व्हरला विचारतं, त्यामुळे तिथला टप्पा खरा. बऱ्याच ॲपमध्ये तेवढ्याने कार्डही ताजं होतं.

कुरिअरच्या पार्सलला आठ तासांचा नियम परत आडवा येतो. खानापूर तालुक्यातल्या गावांत गाडी सकाळी आठला निघते आणि आपल्या दारात यायला संध्याकाळ होते. सकाळी आठला आलेलं कार्ड दुपारी चारला संपतं, पण रात्री आठपर्यंत "आज डिलिव्हरी होणार" म्हणत लॉक स्क्रीनवर राहू शकतं. एका काकूंनी ते बघत दिवेलागणीपर्यंत दार उघडं ठेवलं होतं. पार्सल त्या दिवशी परत गोदामात गेलं होतं. चारनंतर कार्ड बघायचं नाही, ॲप उघडून बघायचं, एवढं घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगून ठेवा.

कार्ड येतच नसेल तर

ही वेगळी तक्रार आहे आणि बहुतेक वेळा एका बटणाची आहे. एखाद्या ॲपचं कार्ड पहिल्यांदा येतं तेव्हा खाली परवानगी विचारतात. घाईत Don't Allow दाबलं गेलं की त्या ॲपची कार्डं बंद होतात. आयओएस १८ पासून Settings मध्ये Apps, त्यात ते ॲप, त्यात Live Activities असा रस्ता आहे. आधीच्या फोनवर ॲपचं नाव थेट Settings च्या यादीत खाली सापडतं. तिथेच More Frequent Updates असं आणखी एक बटण असतं, ॲपने ती सोय ठेवली असेल तरच दिसतं. मॅचसाठी ते चालू ठेवा. आयओएस प्रत्येक ॲपच्या तातडीच्या अपडेटवर मर्यादा घालतं, आणि चेंडू-चेंडूला निरोप पाठवणारं ॲप ती लवकर ओलांडतं. मग निरोप गाळले जातात. ही खूण ओळखायला सोपी आहे: कार्ड पूर्ण थांबत नाही, धक्के खात पुढे जातं, दोन-तीन षटकांची उडी घेतं. हे बटण चालू केलं की मर्यादा वाढते. बॅटरी थोडी जास्त जाते, मॅचच्या दिवशी ते चालतं.

फोन उघडल्यावर कार्ड दिसतं पण लॉक असताना दिसत नाही, असं असेल तर Face ID & Passcode मध्ये Allow Access When Locked खाली Live Activities चालू करा. बोटाचा ठसा असलेल्या फोनवर त्याच पानाचं नाव Touch ID & Passcode आहे.

ॲप वर सरकवून बंद करायची सवय इथे कितपत नडते, असं पुष्कळ जण विचारतात. निरोप सर्व्हरकडून येत असतील तर ॲप बंद केलं तरी कार्ड चालू राहतं. काही ॲप मात्र आपल्या फोनच्या लोकेशनवरून स्वतःच कार्ड बदलतात, धावण्याचं अंतर मोजणारी वगैरे. ती बंद केली की त्यांचं कार्ड तिथेच थांबतं.

ॲप बनवणाऱ्या पोरांसाठी

बेळगावात इंजिनिअरिंगची मुलं गावच्या टेनिस बॉल स्पर्धांसाठी स्कोअरची ॲप करतात, ते मी कौतुकाने बघतो. त्यांना एक आग्रहाने सांगायचं आहे: निरोपात `stale-date` टाका. ती वेळ उलटली आणि नवा निरोप आला नाही, तर आयओएस कार्डाला शिळं ठरवतं, आणि तेव्हा आकडे फिके करून "जुना स्कोअर" असं दाखवायची सोय तुम्हाला मिळते. ती नसेल तर डेटा तुटलेल्या माणसाला तुमचं कार्ड जुना आकडा ताजा म्हणून दाखवत राहतं.

```json
{
  "aps": {
    "timestamp": 1760000000,
    "event": "update",
    "content-state": { "runs": 231, "wickets": 6, "balls": 258 },
    "stale-date": 1760000300
  }
}
```

इथे शिळं होण्याची वेळ निरोपानंतर ३०० सेकंदांनी, म्हणजे पाच मिनिटांनी ठेवली आहे. एक षटक साधारण चार मिनिटांत होतं, म्हणून चालू खेळात पाच मिनिटं पुरतात. डावाच्या सुट्टीत मात्र ही वेळ पुढची टाका, नाहीतर पाऊण तास सगळ्यांची कार्डं उगाच शिळी दिसतील. विकेट आणि षटक संपणं यांनाच तातडीचा, १० चा प्राधान्यक्रम द्या; एकेरी-दुहेरी धावांना ५ पुरतो, तो मर्यादेत मोजला जात नाही. मॅच संपल्यावर `event` मध्ये `end` पाठवायला विसरू नका, आणि त्याच निरोपात अंतिम स्कोअरही टाका, म्हणजे रेंज गेलेल्या फोनला तो उशिरा पोचला तरी कार्डावर खरा निकाल राहील.

एखाद्याला हा शेवटचा निरोप मिळालाच नाही, तर त्याच्या फोनवर मॅच आदल्या रात्रीच्या सत्तेचाळिसाव्या षटकातच उभी दिसते. ते कार्ड डावीकडे सरकवून Clear करायचं.